ब्रेकअपनंतर लगेच डेटिंग: आपण तयार आहोत का हे कसं तपासायचं आणि समोरच्याला काय सांगायचं

ब्रेकअप होऊन काही आठवडे झालेत, फार तर तीन-चार महिने. डेटिंग अ‍ॅप फोनवर परत आलंय, एक-दोन जणांशी बोलणं सुरू आहे, आणि डोक्यात दोन प्रश्न एकदम फिरताहेत: हे फार लवकर होतंय का? आणि समोरच्याला आपलं ताजं ब्रेकअप सांगायचं का, सांगायचं तर कधी? तुम्ही या जागी असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी या टप्प्यातून गेले आहे. नंतर बऱ्याच मित्र-मैत्रिणींसोबत बसून, मॅचला नेमका काय मेसेज पाठवायचा, हे शब्द-शब्द जुळवत लिहिलं आहे. त्यातून जे उपयोगी पडलं ते क्रमाने देते.

दोन गोष्टी आधीच बाजूला काढते. नातं मारहाण, धमक्या किंवा पाठलागामुळे संपलं असेल तर आधी सुरक्षिततेकडे आणि समुपदेशनाकडे बघा, खालच्या पायऱ्या नंतर. आणि लग्न मोडत असेल पण घटस्फोट कागदोपत्री झाला नसेल, तर ते पहिल्या भेटीच्या आधीच सांगायचं. त्यात योग्य वेळेची वाट बघण्यासारखं काही नाही.

काय लागेल

- एक वही किंवा फोनमधलं नोट्सचं अ‍ॅप
- एक आठवडा, ज्यात नवी भेट ठरवायची नाही (चालू चॅट चालू राहू दे)
- एक माणूस, जो तुमच्या एक्सला ओळखत होता आणि तुमच्या हो ला हो करत नाही
- अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये घालवायला थोडा वेळ

१. महिने मोजणं थांबवा

"नातं जितकं चाललं त्याच्या निम्मा काळ थांबावं" हा नियम तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. त्याला काहीही आधार नाही. क्लॉडिया ब्रंबॉ आणि ख्रिस फ्रेली या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये रिबाउंडवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ब्रेकअपनंतर लवकर नव्या नात्यात गेलेल्या माणसांची मनःस्थिती एकटं राहिलेल्यांपेक्षा सरासरीने बरी दिसली, आणि एक्समधून ती जास्त बाहेर पडलेली होती. लवकर डेटिंग केल्यामुळेच ती बरी झाली, असं यावरून म्हणता येत नाही; कदाचित मुळात सावरलेली माणसंच लवकर पुढे गेली असतील. पण लवकर म्हणजे वाईटच, हा समज मात्र यातून टिकत नाही.

कॅलेंडर फसवं आहे याचं एक साधं कारण आहे. नातं ज्या तारखेला संपतं त्या तारखेला दोघांचंही संपतंच असं नाही. ज्याने निर्णय घेतला तो अनेकदा वर्षभर आधीपासून मनातून बाहेर पडत असतो. ज्याला सोडलं त्याचा पहिला दिवस त्या तारखेला सुरू होतो. हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रेमात नाकारल्या गेलेल्या १५ जणांचे मेंदूचे स्कॅन केले होते. एक्सचा फोटो बघताना मेंदूतले ओढ आणि बक्षिसाशी संबंधित भाग जागे झाले, त्यात व्यसनाच्या तलफेशी जोडलेले भागही होते. म्हणजे "मला अजून सारखी आठवण येते" ही कमजोरी नाही. पण ही तलफ शमवायला आपण दुसऱ्या माणसाला वापरतोय का, हे तपासायलाच हवं. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

२. आठवडाभर नोंद ठेवा

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कामाची पायरी हीच. "मी तयार आहे का?" असा थेट प्रश्न स्वतःला विचारला की उत्तर त्या दिवसाच्या मूडप्रमाणे येतं. नोंदी मूडप्रमाणे बदलत नाहीत.

दर वेळी डेटिंग अ‍ॅप उघडाल किंवा मॅचला मेसेज कराल, तेव्हा तीन गोष्टी लिहा: किती वाजले, त्याच्या लगेच आधी काय झालं, आणि आत्ता मला काय हवं आहे. प्रत्येकी एक ओळ पुरे. नोंदी अशा दिसतात:

"रात्री ११:४०. एक्सची स्टोरी बघितली, कुणासोबत तरी फिरायला गेलाय. कुणीतरी मला आवडतेस म्हणायला हवं."

"संध्याकाळी ७. ऑफिसमधून निघाले, रिकामं वाटत होतं. बोलायला कुणी हवं."

"रविवार दुपार. परवाच्या चॅटमध्ये त्याने सांगितलेल्या ट्रेकचं पुढे काय झालं ते विचारायचं होतं."

आठवड्याच्या शेवटी नोंदी वाचताना प्रत्येकीवर एक खूण करा. "आधी काय झालं" या ओळीत एक्स आहे का? आणि "काय हवं आहे" या ओळीत समोरच्या माणसाबद्दल काही आहे का, की तिथे कुणीही चाललं असतं? वरच्या तीन नोंदींत फक्त तिसरीत एक विशिष्ट माणूस आहे. पहिल्या दोन नोंदींतला मेसेज कुणालाही गेला असता तरी फरक पडला नसता.

वेळांकडे वेगळं लक्ष द्या. जुन्या नात्यात रोज रात्री साडेदहाला फोन व्हायचा आणि आता बरोबर साडेदहाला नव्या मॅचशी बोलणं सुरू होतं, असं असेल तर नवा माणूस जुन्या वेळापत्रकातल्या रिकाम्या जागी बसवला जातोय. तो फोन त्या वेळी आला नाही की वाईट वाटतं, आणि त्याला बिचाऱ्याला कळतही नाही की त्याची तुलना चार वर्षांच्या सवयीशी चाललीय. "आपल्यात किती पटकन जवळीक झाली" असं जेव्हा वाटतं, तेव्हा कधी कधी ती जवळीक नव्या माणसाशी झालेली नसते, जुनी सवयच चालू राहिलेली असते.

नोंदींत अर्ध्याहून जास्त वेळा एक्स आला तर घाबरून अ‍ॅप काढून टाकायची गरज नाही. आधी पुढची पायरी करा, आणि आणखी एक आठवडा नोंद ठेवा. आकडा उतरतोय का, हे बघायचं आहे.

३. एक्सकडे जाणाऱ्या वाटा बंद करा

डेव्हिड स्बारा आणि रॉबर्ट एमरी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुकतंच ब्रेकअप झालेल्या विद्यार्थ्यांनी २८ दिवस रोज आपल्या भावना नोंदवल्या. एक्सशी संपर्क होत राहिला की प्रेम आणि दुःख दोन्ही उतरायला जास्त वेळ लागत होता. २०१२ मध्ये टॅरा मार्शल यांनी फेसबुकवर एक्सच्या प्रोफाइलवर नजर ठेवणाऱ्यांचा अभ्यास केला. जास्त डोकावणाऱ्यांमध्ये त्रास आणि ओढ दोन्ही जास्त होती. ज्यांना जास्त त्रास होतो तेच जास्त डोकावत असतील, हेही शक्य आहे. तरी चुपचाप बघत राहण्याने काही बिघडत नाही, ही समजूत सोडलेली बरी.

करायचं इतकंच: इन्स्टाग्रामवर Mute, व्हॉट्सअ‍ॅपवर चॅट Archive, आणि फोटोंच्या अ‍ॅपमध्ये तो चेहरा आठवणींतून लपवणं. ब्लॉक करणं चुकीचं नाही, पण काही जणांना ब्लॉक-अनब्लॉकचाच नाद लागतो, त्यांना म्यूट जास्त मानवतं. डेटिंग अ‍ॅपमध्येही फोन नंबरवरून ब्लॉक करायची सोय असते. एक्सचा नंबर तिथे टाका, म्हणजे स्क्रोल करताना त्याचं प्रोफाइल अचानक समोर येणार नाही.

पैसे, किल्ल्या, कागदपत्रं असं काही द्यायचं-घ्यायचं राहिलं असेल तर एक तारीख ठरवून एकदाच उरका. "तुझं एक पुस्तक माझ्याकडे राहिलंय" हा मेसेज सहा महिने पुरवता येतो, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. मूल किंवा नोकरी सामाईक असेल तर संपर्क तोडता येणार नाही. मग तो कामापुरता, लेखी आणि दिवसाउजेडी ठेवा.

४. स्वतःला तीन प्रश्न विचारा आणि मग ठरवा

पहिला: एक्सने आज रात्री "परत येतेस का" असं लिहिलं तर मी काय करेन? "नाहीच म्हणेन" हे उत्तर लगेच मान्य करू नका. उत्तर द्यायला किती वेळ लागेल, आणि नव्या मॅचसोबतची उद्याची भेट मी त्याआधी रद्द करेन का, ते बघा.

दुसरा: ब्रेकअप का झालं हे मी चार वाक्यांत सांगू शकते का, ज्यातल्या किमान एका वाक्यात माझा वाटा आहे? हे त्या स्पष्ट बोलणाऱ्या माणसासमोर मोठ्याने सांगा. गोष्ट दहा मिनिटं चालली, किंवा तिच्यात एकच खलनायक उरला, तर जखम अजून ओली आहे.

तिसरा प्रश्न नव्या व्यक्तीला एकदा भेटून आल्यावरचा. घरी आल्यावर त्या भेटीबद्दल पाच वाक्यं लिहा. नंतर बघा, त्यातली किती वाक्यं "मला" ने सुरू होतात. "मला खूप हलकं वाटलं, मला बऱ्याच दिवसांनी सुंदर वाटलं, मला एकटं वाटलं नाही." हे सगळं खरं असेल, पण यात तो माणूस कुठे आहे? "तो बहिणीबद्दल बोलताना सावकाश बोलायला लागतो" असं एक जरी वाक्य आपसूक आलं, तर तुमचं लक्ष त्याच्याकडे गेलेलं आहे. मी तयारीची खूण म्हणून यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवते. एक्सला विसरणं लागत नाही. समोरच्याबद्दल कुतूहल वाटणं लागतं.

आता ठरवा. तिन्ही उत्तरं डळमळीत असतील तर अ‍ॅप तात्पुरतं बंद ठेवा. हिंजवर Pause आहे, बंबलवर Snooze. मॅच जात नाहीत. तिन्ही ठीक असतील तर निर्धास्त पुढे जा. पण बहुतेक जण मध्ये कुठेतरी असतात: कुतूहल आहे, पण रात्री अजून जड जातात. अशा वेळी डेटिंग करण्यात गैर काही नाही, मात्र ते संथ असायला हवं आणि समोरच्याला माहीत असायला हवं.

५. काय सांगायचं, कधी सांगायचं

प्रोफाइलवर एक्सचा किंवा ब्रेकअपचा उल्लेख नको. "नुकतीच सावरतेय" असंही नको. त्यातून तुमची अवस्था कळत नाही आणि नाजूक वेळ हेरणारी माणसं मात्र खेचली जातात. प्रोफाइलवर फक्त एक गोष्ट खरी ठेवा, ती म्हणजे काय शोधताय हा पर्याय. तुम्ही मधल्या गटात असाल तर हिंजवर Figuring out my dating goals किंवा टिंडरवर Still figuring it out निवडा. Long-term निवडलं की जास्त चांगली माणसं येतात असं वाटतं, आणि येतातही. पण ती दीर्घ नात्यासाठी आलेली असतात.

चॅटमध्ये स्वतःहून विषय काढायची गरज नाही. कुणी विचारलं तर खरी तारीख सांगा. "झाले थोडे दिवस" यात तीन आठवडेही बसतात आणि दीड वर्षही, आणि खरं कळल्यावर समोरचा त्या अस्पष्टपणालाच खोटं धरतो.

पहिल्या भेटीत, किंवा फार तर दुसऱ्या भेटीच्या आधी, स्वतःहून सांगा. त्यात तीनच गोष्टी हव्यात: कधी संपलं, मी आत्ता कुठे आहे, आणि आत्ता मी काय देऊ शकते आणि काय नाही. उदाहरणार्थ:

"माझं चार वर्षांचं नातं दोन महिन्यांपूर्वी संपलं. परत जाण्याचा विचार नाही, पण काही दिवस अजून जड जातात. मला तुला भेटायला आवडतंय, पण मी सावकाश जाणार आहे, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत मी कसलंही वचन देऊ शकणार नाही. तुला हे चालणार नसेल तर तेही मला समजेल."

याच जागी लोक काय बोलतात ते बघा: "माझ्या एक्सने माझी खूप फसवणूक केली, म्हणून मला आता विश्वास ठेवायला वेळ लागतो." यात समोरच्याला उपयोगी असं काही नाही. ब्रेकअपची तारीख नाही आणि तुम्ही काय देऊ शकता तेही नाही. वर त्याच्यावर एक काम येऊन पडतं, मी तसा नाही हे सिद्ध करण्याचं. का संपलं, कोण चुकलं, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर, विचारलं तर, आणि थोडक्यात.

शारीरिक जवळीक व्हायच्या आधी हे बोलणं झालेलं असलंच पाहिजे. जवळीक झाल्यावर तेच वाक्य माघार घेतल्यासारखं ऐकू येतं.

आणि एक सापळा, ज्यात चांगली माणसंही अडकतात. एकदा सांगितलं की आपण मोकळे, असं धरून चालायचं. मग रोज रात्री दोन-दोन तास बोलायचं, सुट्टीचे बेत आखायचे, आणि समोरचा गुंतला की "मी तर आधीच सांगितलं होतं" म्हणायचं. माणूस एका वाक्यापेक्षा रोजच्या वागण्यावर जास्त विश्वास ठेवतो. सावकाश जाणार म्हणालात, तर वागणंही तसंच सावकाश हवं.

६. एक उदाहरण, सुरुवातीपासून

माझ्या एका मैत्रिणीचं (तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहितेय) पाच वर्षांचं नातं संपून सहा आठवडे झाले होते. निर्णय समोरच्याचा होता. पहिल्या आठवड्याच्या तिच्या नोंदींत निम्म्याहून जास्त वेळा एक्सची स्टोरी होती. म्यूट केल्यावर दुसऱ्या आठवड्यात ती कमी झाली. मग ती एका मॅचला भेटली. बोलणं मस्त चाललं होतं, पण ती सारखी "आम्ही तिकडे जायचो", "आम्हाला ते आवडायचं" असं म्हणत होती. त्याने हसून विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?"

तिला त्या क्षणी विषय बदलता आला असता. तिने तारीख सांगितली आणि म्हणाली, "बाकीचं मला नीट सांगायचंय, उद्या लिहून पाठवते." दुसऱ्या दिवशी वरच्यासारखा मेसेज गेला. त्याचं उत्तर दिवसभराने आलं: भेटायला आवडेल, पण त्याला वर्षभरात स्थिर व्हायचंय, त्यामुळे अनिश्चित काळ थांबणार नाही. मग दोघांनी ठरवलं, आठवड्यातून एकदा भेटायचं, रोज रात्री फोन करायचा नाही, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बसून बोलायचं.

तारीख आधीच ठरल्यामुळे "आपलं नक्की काय चाललंय?" हा प्रश्न मधल्या काळात कुणालाच विचारावा लागला नाही. सहा आठवड्यांनी तिने भेटींनंतर लिहिलेली वाक्यं काढली. तो माणूस त्यात भरपूर होता: त्याचं काम, त्याचा हट्टीपणा, तो रस्ता चुकल्यावर कसा वैतागतो. पण त्याने भविष्याबद्दल काही विचारलं की तिच्या प्रत्येक नोंदीत "पोटात गोळा आला" असं होतं. तिला तो आवडत होता आणि ती तयार नव्हती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि हे ओळखायला तिला नोंदींची मदत झाली. तिने थांबायचं ठरवलं.

७. थांबायचं असेल तर

गायब होऊ नका आणि उत्तरं हळूहळू कमी करत नेऊ नका. दोन-तीन भेटी झाल्या असतील तर मेसेज चालतो, त्याहून जास्त झाल्या असतील तर फोन किंवा भेट. तिने फोनवर जे सांगितलं ते साधारण असं होतं:

"ठरल्याप्रमाणे मी विचार केला. तुला जे हवंय ते द्यायला मी आत्ता तयार नाही, आणि कधी होईन ते सांगता येत नाही. म्हणून मी इथे थांबते. तू काही चुकीचं केलं नाहीस."

"थोडं थांबशील का?" हे विचारायचा मोह होतो. विचारू नका; ते त्याला दाराबाहेर उभं करून ठेवणं आहे. "आपण मित्र राहू" हेही त्याच फोनवर नको. त्याने का म्हणून विचारलं तर एकदा सांगा, पण त्याला पटेपर्यंत समजावत बसू नका. आणि मग निदान महिनाभर त्याच्या स्टोरीज बघू नका, कारण आता म्यूट करायच्या यादीत तोही आहे. पुढच्या मॅचने "शेवटचं कधी कुणाला भेटत होतीस?" असं विचारलं तर या सहा आठवड्यांचाही उल्लेख करा.